विट्याची मराठी कोइमतूरला टिकते, मग साताऱ्याची न्यू जर्सीत का नाही?

प्रश्न: मी साताऱ्याचा, गणिताचा निवृत्त शिक्षक. मुलगा आणि सून १२ वर्षं न्यू जर्सीत आहेत. नातू ८ वर्षांचा, नात ४ वर्षांची. नातवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देतो. दर रविवारी मराठी शाळेलाही जातो. आता मीच त्याच्याशी थोडं इंग्रजीत बोलायला लागलोय, म्हणजे निदान गप्पा तरी होतात. उलट माझ्या मेव्हण्याकडचे लोक विट्याचे, गलाईच्या धंद्यात कोइमतूरला. तिसरी पिढी चालू आहे, पोरं तमिळ शाळेत, आणि घरात मराठी फाडफाड. त्यांना कुठली मराठी शाळा नाही की मंडळ नाही. असं का? आणि नातवासाठी आता उशीर झाला का?

उत्तर:

सर, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नातवाला उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. नातीला उशीरही झालेला नाही. तुमच्या पत्रात नातवाबद्दल पाच वाक्यं आहेत आणि नातीचं नुसतं वय आहे. माझा अनुभव असा की अशा घरात मराठीचं पुढे काय होणार हे बरंचसं त्या धाकट्या मुलावर ठरतं. त्याच्याकडे येतेच.

मी सांगलीत राहते. बरीच वर्षं भाषाविज्ञान शिकवलं आणि गेली १४ वर्षं परदेशातल्या मराठी कुटुंबांबरोबर व्हिडिओ कॉलवरून काम करते. गलाईवाल्यांची घरं मात्र मी प्रत्यक्ष जाऊन पाहिली आहेत, कारण तुम्हाला पडलेला प्रश्न मलाही पडला होता.

खानापूर, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातून लोक मूस आणि भट्टी घेऊन देशभर गेले. जुने दागिने वितळवायचे, सोन्या-चांदीचा कस काढायचा, शुद्ध करून द्यायचं, हीच गलाई. कोइमतूरच्या एका घरात मी चार दिवस राहिले होते. खाली दुकान, वर घर. नऊ वर्षांची मुलगी गिऱ्हाइकाशी तमिळ बोलायची, वहीत इंग्रजी लिहायची आणि भट्टीपाशी बसलेल्या पोरांना ओरडून सांगायची, "दादा, आईनं जेवायला बोलावलंय, चल की!" ती पोरं सगळी गावाकडची. एक गेला की दुसरा येतो, आणि नव्याने आलेल्याला सहा महिने तमिळ येत नसतं. मुलीची आई आटपाडी तालुक्यातून लग्न करून आलेली. आजी वर्षातले चार महिने येऊन राहते, तिला तमिळचा गंध नाही. उन्हाळ्यात पोरं गावी, दसऱ्याला पालख्यांच्या शर्यतीसाठी निम्मं घर विट्यात. "मराठी टिकवायची" हे वाक्य त्या चार दिवसांत त्या घरात मी एकदाही ऐकलं नाही. मुलीच्या आसपास दिवसभर अशी माणसं होती की ज्यांच्याशी मराठीशिवाय तिचं कामच झालं नसतं, आणि ती माणसं दर वर्षी गावाहून नवीन येत होती.

आता तुमच्या मुलाचं घर बघा. मुलगा-सून दोघं इंजिनियर असतील असं मी धरते. त्यांना अमेरिकेत उतरायच्या आधीपासून उत्तम इंग्रजी येतं. म्हणजे नातवाने इंग्रजीत उत्तर दिलं तर त्या घरात अडत कुणाचंच नाही. कॉलनीत भारतीय भरपूर असतील, पण त्यात तेलुगू, गुजराती, तमिळ, हिंदी, आणि सगळ्या पोरांची आपसातली भाषा इंग्रजी. गावाहून नवीन कोणी येत नाही, आणि तुम्ही आलात तर तुम्हालाही इंग्रजी येतं.

आपल्याकडे अजून असा समज आहे की शिकलेल्या, सुस्थितीतल्या लोकांची भाषा जास्त टिकते. या विषयातल्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी हाइन्झ क्लॉस यांनी १९६०च्या दशकातच लिहून ठेवलंय की शिक्षण हा दोन्हीकडे चालणारा घटक आहे, त्यानं भाषा टिकूही शकते आणि सुटूही शकते. ऑस्ट्रेलियात मायकेल क्लाइन यांनी जनगणनेच्या आकड्यांवर आयुष्यभर काम केलं. तिथे हॉलंडहून आलेल्यांची भाषा पहिल्या पिढीतच घरातून झपाट्याने गेली, आणि ग्रीक व मॅसिडोनियन लोकांची फार सावकाश. डच लोक इंग्रजीत चटकन मिसळले. ग्रीकांचं लग्न, चर्च, शेजार हे बराच काळ आपसातच राहिलं. परदेशातल्या आपल्या इंजिनियर मुलांची गत डच लोकांसारखी आहे. विट्याची मंडळी ग्रीकांच्या बाजूला बसतात.

अमेरिकेत स्पॅनिशचं काय होतं तेही सांगते, म्हणजे सूनबाईंवर उगाच राग धरणार नाही. दक्षिण कॅलिफोर्नियात मेक्सिकोची सीमा हाकेच्या अंतरावर आहे, बोलणारे लाखोंनी आहेत, टीव्ही-रेडिओ सगळं स्पॅनिशमध्ये आहे. तरी रुंबाऊत, मॅसी आणि बीन यांनी २००६ मध्ये पिढ्यांचा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की स्थलांतरितांच्या नातवंडांच्या पिढीत स्पॅनिश नीट बोलणारे थोडेच उरतात, आणि त्याच्या पुढच्या पिढीत जवळजवळ कोणीच नाही. इतक्या मोठ्या भाषेचं हे होतं, तर दहा गावांत विखुरलेल्या मराठीला तीन पिढ्याही मिळत नाहीत यात नवल नाही.

रविवारच्या शाळेबद्दल. मी त्या शाळांच्या विरोधात नाही, स्वतः त्यांच्या शिक्षकांना शिकवते. पण शाळेकडून काय होतं आणि काय होत नाही याचे दोन जुने दाखले आपल्याच भाषेत आहेत. १८३०च्या दशकापासून कोकणातले मजूर मॉरिशसला गेले. आज तिथे शाळेत मराठी विषय आहे, शिक्षक आहेत, पुस्तकं आहेत, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. आणि घरात बोलतात क्रिओल. दुसरीकडे तंजावर. व्यंकोजीराजांबरोबर १६७०च्या दशकात गेलेली घराणी. राज्य १८५५ मध्ये संपलं, दरबार गेला, मोडी वाचणारे गेले. त्यांच्यातल्या कित्येक घरांत आजही मराठी बोलली जाते, तमिळ मिसळलेली, आपल्याला दोन वाक्यांनंतर गंमत वाटेल अशी. त्यातल्या कित्येकांना देवनागरी वाचता येत नाही. एकीकडे शाळा आहे आणि घर नाही, दुसरीकडे घर आहे आणि शाळा नाही. जोशुआ फिशमन यांनी १९९१ मध्ये भाषा सावरण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्यात सगळा जोर एकाच पायरीवर दिला: घर, शेजार आणि आईबापांकडून मुलांकडे होणारं हस्तांतर. ती पायरी रिकामी ठेवून वरच्या कितीही बांधल्या तरी भाषा पुढच्या पिढीत पोचत नाही असं त्यांचं म्हणणं होतं, आणि मॉरिशसकडे पाहिलं की ते पटतं.

तुम्ही गणिताचे शिक्षक, म्हणून आकड्यातच सांगते. आठ वर्षांचं पोर दिवसाला साधारण १४ तास जागं असतं, म्हणजे आठवड्याला ९८ तास. रविवारची शाळा दोन तास, आणि तीही वर्षात तीसेक आठवडे. मायामीत स्पॅनिश-इंग्रजी घरांतल्या लहान मुलांचा एक अभ्यास झाला होता. त्यात ज्या मुलांच्या कानावर एखादी भाषा एकूण वेळेच्या एक पंचमांशापेक्षा कमी पडत होती, ती मुलं त्या भाषेत बोलायलाच नाखूश होती. समजत होतं, तोंडातून येत नव्हतं. थोडक्या मुलांचा अभ्यास आहे आणि मुलं तुमच्या नातवापेक्षा खूप लहान होती, म्हणून तो आकडा कायदा समजू नका. पण अंदाजाला बरा आहे: आठवड्याला साधारण २० तास.

दुसरा आकडा त्याहून भक्कम आहे. बेल्जियमच्या डचभाषक भागात आनिक द हाउवर यांनी दोन हजारांच्या जवळपास कुटुंबांची पाहणी केली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. ही सगळी घरं अशी की निदान एक पालक घरात डचखेरीज दुसरी भाषा बोलतो. दोघंही फक्त आपलीच भाषा बोलत असतील, तर शंभरातल्या ९७ घरांत मुलं ती बोलत होती. दोघंही आपली भाषा बोलतात आणि त्यातला एकच डचही बोलतो, तर ९३. दोघंही दोन्ही भाषा मिसळून बोलतात, तर ७९. एक फक्त आपली आणि दुसरा फक्त डच, तर ७४. आणि एक जण फक्त डच, दुसरा दोन्ही, तर ३६. उतार कुठे सुरू होतो ते पाहा. आई-बाप दोघंही घरात बाहेरची भाषा आणू लागले की पाचातलं एक घर गळतं, आणि एकाने आपली भाषा पूर्ण सोडून दुसऱ्याने अर्धवट धरली की दोनतृतीयांश घरं जातात. ही पाहणी मुलं "बोलतात की नाही" एवढंच सांगते, किती चांगलं बोलतात ते नाही. तरी मी नव्या कुटुंबाला पहिला प्रश्न हाच विचारते की घरात कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं. मराठीवर प्रेम किती आहे हे विचारतच नाही. ते सगळ्यांचंच उतू जात असतं.

एका घराचा हिशेब तुमच्यासमोर मांडते. वडील कऱ्हाडकडचे, आई मिरजेची, राहतात टेक्ससमध्ये. मुलगा सातचा, मुलगी तीनची. तुमच्यासारखीच तक्रार: कळतं, बोलत नाही. मी त्यांना आठवडाभर फ्रिजवर कागद लावायला सांगितला, दर तासाला मुलाशी कोण, कुठल्या भाषेत बोललं याची खूण करायची. निघालं ते असं. शाळा आणि बस ३६ तास, शाळेनंतरचं पाळणाघर १०, फुटबॉल ५, स्क्रीन १३, बहिणीशी खेळणं ११. हे ७५ तास संपूर्ण इंग्रजी. आई-वडिलांबरोबर २० तास. त्यात गृहपाठ ४ आणि गाडीतला प्रवास ३, दोन्ही इंग्रजीत. उरलेल्या १३ तासांत मराठी निम्मीच, म्हणजे ७. आजीचा फोन १, रविवारची शाळा २. एकूण मराठी १० तास, दहावा हिस्सा. आई म्हणाली, "पण आम्ही तर घरात मराठीच बोलतो!" ती खोटं बोलत नव्हती. नवरा-बायको एकमेकांशी मराठीच बोलत होते. मुलाकडे मान वळली की भाषा बदलत होती, आणि ते त्यांच्या लक्षातही येत नव्हतं.

त्या कागदावरचा मला सगळ्यात खटकलेला आकडा बहिणीबरोबरचे ११ तास. थोरलं मूल शाळेत जायला लागलं की शाळेची भाषा घरात आणतं आणि पहिल्यांदा ती धाकट्याला शिकवतं. म्हणून बहुतेक स्थलांतरित घरांत पहिल्या मुलाची भाषा दुसऱ्यापेक्षा बरी असते. तीन वर्षांच्या त्या पोरीला आई-वडील मराठीत वाढवत होते आणि सात वर्षांचा दादा इंग्रजीत. तिला जास्त भारी कोण वाटणार, सांगा!

शाळा, फुटबॉल, पाळणाघर यांना हात लावता येत नव्हता. गृहपाठ मराठीत समजवा असं मी सुचवलं होतं, पण रात्री आठ वाजता हातच्याची वजाबाकी दोन भाषांत करायची ताकद नाही, असं आईने सरळ सांगितलं. ते मी मान्य केलं. मग गाडी मराठी केली, ३ तास. आई-वडिलांचे ते १३ तास दोघांनी नेटाने ११ वर नेले. आजीचा आठवड्याचा एक लांबलचक फोन मोडून रोज वीस मिनिटं केला, आणि तो वेळ स्क्रीनमधून कापला. बहिणीबाबत मुलाला सांगितलं की छोटीला इंग्रजी शाळा शिकवेल, मराठी शिकवायला घरात तू एकटाच दादा आहेस. हे त्याला मानाचं वाटलं. सगळा वेळ नाही, पण ११ तासांतले ३ मराठीत गेले. बेरीज २१ च्या आसपास आली.

रोजच्या फोनवर पहिला आठवडा फुकट गेला, कारण आजी तेच विचारायची, "कसा आहेस? काय खाल्लंस? शाळेत काय झालं?" आणि तो "गुड", "पास्ता", "नथिंग". या प्रश्नांना एका शब्दाचंच उत्तर असतं, भाषा कुठलीही असो. मग आजीला मी काम दिलं. फोन ओट्यावर टेकवायचा आणि वस्तू हरवायची. एकदा चष्मा, एकदा खलबत्त्याचा बत्ता. कॅमेऱ्यातून पोराला ती दिसते, आजीला दिसत नाही.

"कुठं गेला रे माझा चष्मा?"

"देअर! बिहाइंड यू!"

"काय म्हणतोस? मला नाही बाबा समजत."

"मागे! मागे बघ ना!"

"मागं फडताळ हाय. कुठल्या कप्प्यात?"

"वर... वरच्या. डब्बाच्या मागे."

"डब्याच्या मागं व्हय? थांब, बघते."

"डब्याच्या मागे. यस! तोच!"

तीन मिनिटांत त्याने मराठीत जेवढं बोललं तेवढं आधीच्या महिन्यात बोलला नसेल. "डब्बाच्या"चं "डब्याच्या" त्याने स्वतःच केलं, कारण आजीने ते सहज बरोबर करून परत म्हटलं. चूक दाखवली नाही. या आजीची सगळ्यात मोठी शैक्षणिक पात्रता म्हणजे तिला इंग्रजी येत नाही.

मूल दुसऱ्या भाषेत बोललं की मोठी माणसं काय करतात, याचा एलिझाबेथ लान्झा यांनी नॉर्वेतल्या इंग्रजी-नॉर्वेजियन घरांत बारकाईने अभ्यास केला होता. त्याची चढती-उतरती मांडणी मला रोज उपयोगी पडते. सगळ्यात जोरकस म्हणजे "कळलं नाही" म्हणणं. त्याखालोखाल अंदाज करून विचारणं, "पाणी हवंय का तुला?" मग त्याचं म्हणणं मराठीत पुन्हा म्हणणं. मग दुर्लक्ष करून आपण मराठीत पुढे जाणं. आणि शेवटचं, आपणही त्याच्या भाषेत शिरणं. पहिल्या तिन्हींत मुलाला समजतं की इथे मराठी चालते. चौथ्यात, म्हणजे बहुतेक मराठी आई-वडील करतात त्यात, मुलाला कळतं की दोन्ही चालतात, आणि मग ते सोपी निवडतं. पाचव्यात मराठीचं दुकान बंद.

सर, इथे थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. तुम्ही इंग्रजीत बोलायला लागलात ते प्रेमापोटी, पण नातवासाठी जगात ज्या दोन-तीन माणसांशी मराठीची गरज उरली होती त्यातलं एक तुम्ही होतात. आता एक दरवाजा कमी झाला. लगेच "आजपासून इंग्रजी बंद" असंही करू नका, तो फोनवर यायचाच बंद होईल. वहिनींना इंग्रजी कमी येत असेल तर फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. तुम्हाला बोलायचंच असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पद्धतीने बोला, कारण तुम्हाला इंग्रजी येतं हे त्याला माहीत आहे. "कळलं नाही" हे तुमच्या तोंडी आता नाटक वाटेल, आणि आठ वर्षांच्या पोराला नाटक लगेच कळतं. खाऊ, खेळणं, टीव्ही यांच्यावर मात्र मराठीची अट कधी घालू नका. "मराठीत मागितलंस तरच देईन" म्हणणाऱ्या तीन घरांत मूल मराठीत मागायला शिकलं नाही, मागायचंच बंद झालं.

टेक्ससच्या त्या पोराचं पुढे काय झालं? चौथ्या महिन्यात तो वाक्यं बोलायला लागला, आणि वाक्यं अशी: "मी जाते", "मी खाते". आई घाबरली. मी खूश झाले, कारण त्यातून निदान होतं. मराठीत क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं. मुलगा "मी जाते" म्हणतो तेव्हा समजायचं की त्याची जवळजवळ सगळी मराठी आई-आजीच्याच तोंडून आली आहे. वडील मुलाशी किती कमी बोलत होते ते कागदावरच्या आकड्यांतून दिसलं नव्हतं, या एका प्रत्ययाने दाखवलं. वडिलांनी रात्रीची गोष्ट आपल्याकडे घेतली आणि तीन-चार महिन्यांत "जातो" आलं. (मुलगी "मी जातो" म्हणाली तर मात्र आधी आजी कुठली ते विचारा. कोल्हापूरकडच्या बायका सर्रास "मी येतो" म्हणतात, मग ती आजीची देणगी आहे, त्रुटी नव्हे.)

दहा महिन्यांनी तो आजीशी पूर्ण मराठीत बोलत होता, लिंगाच्या आणि प्रत्ययाच्या चुका करत: "माझा पुस्तक", "तो आंबा खाल्ला" म्हणजे "त्याने आंबा खाल्ला". तिन्ही लिंगं आणि "ने" या आपल्या भाषेतल्या उशिरा पक्क्या होणाऱ्या जागा. कमी ऐकणाऱ्या मुलांच्या त्याच कच्च्या राहतात. आईशी तो अजून निम्मं इंग्रजी बोलतो. धाकटी मात्र आई-वडील-दादा तिघांशी मराठी बोलते. आणि ऑगस्टमध्ये शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा पहिल्याच आठवड्याचा कागद २१ वरून १३ वर आला. आता दर वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही कागद पुन्हा लावतो.

रविवारच्या शाळेतली एक गोष्ट तपासून पाहा. या मुलाने एकदा शाळेत "मी पाणी पिलं" म्हटलं. बाईंनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं, "प्यायलं म्हणायचं, पिलं ही अशुद्ध भाषा." पोर त्या वर्गात पुढचे दोन महिने तोंड उघडेना. "पिलं" त्याने आजीकडून घेतलं होतं. ज्या माणसाशी मराठी बोलायची खरी गरज आहे त्याच माणसाची मराठी चुकीची, असं ऐकल्यावर ते बोलणार कुणासाठी? तुमच्या सुनेला बाईंशी याबद्दल हळूच बोलायला सांगा. प्रमाण मराठी वाचायला शिकताना आपोआप येते.

कुणी डॉक्टर किंवा शिक्षक "दोन भाषांनी मूल गोंधळतं, घरात इंग्रजीच बोला" असं सांगत असेल तर ते ऐकू नका. माझ्या भाचीला तिथल्या एका तज्ज्ञाने हेच सांगितलं, तिने ऐकलं, आणि आज तिचा मुलगा आजीशी खुणांनी बोलतो. बोलायला उशीर होण्याचं कारण दोन भाषा नसतात. ज्या मुलाला खरंच वाचेची अडचण आहे त्याला ती दोन्ही भाषांत असते, आणि एक काढून टाकल्याने दुसरी सुधारत नाही.

"लहानपणी शिकलेलं विसरत नाही" यावरही विसंबू नका. कोरियातून तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या मुलांची मोठेपणी चाचणी घेतली, तेव्हा त्यांना कोरियन वाक्यं इतर परक्या भाषांतून वेगळी ओळखताही आली नाहीत. पूर्ण तुटलं तर आठ वर्षांची भाषासुद्धा पुसली जाते. बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मात्र ती बरीच पक्की बसते. म्हणजे नातवाकडे चार-पाच वर्षं आहेत, आणि नातीकडे जवळपास दुप्पट.

सुट्टीत ते साताऱ्याला येतात तेव्हा काय होतं ते मला न सांगताही माहीत आहे. सदनिकेतला चुलतभाऊ इंग्रजी माध्यमातला. अमेरिकेचा भाऊ आला म्हणजे इंग्रजी घासायची संधी, असं त्याच्या आईला वाटतं. तीन आठवडे दोघं इंग्रजीत व्हिडिओ गेम खेळतात. गावाकडे कुणाचं घर असेल, जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणारी पोरं असतील, तर नातवाला आई-वडिलांशिवाय तिथे ठेवा. तीनच्या जागी चार-पाच आठवडे मिळाले तर उत्तम. विहिरीवर पोहायला शिकवणाऱ्या पोराला इंग्रजी येत नसेल तर नातवाचं मराठी दहा दिवसांत सुटतं. पाण्यात बुडताना भाषा निवडत बसता येत नाही.

गलाईवाल्यांबद्दल एक राहिलं. त्यांचंही कायम असंच राहील असं समजू नका. कोइमतूरच्या त्याच घरात मी पाच वर्षांनी परत गेले होते. दुकान खालीच आहे, घर मात्र दूर एका सदनिकेत. भट्टीपाशी आता गावची पोरं कमी, बिहारची जास्त, त्यांच्याशी हिंदी. थोरली मुलगी वसतिगृहात. धाकटा पाच वर्षांचा, आईला तमिळमध्ये "तण्णी" म्हणून पाणी मागत होता आणि आई त्याला पाणी देत होती.

सुनेला आधी फ्रिजवरचा तो कागद लावायला सांगा, आणि त्यावर नातीचा रकाना वेगळा ठेवायला सांगा. दादाबरोबरचे तिचे तास किती निघतात तेवढं मला कळवा, मग पुढचं ठरवू.